न आलेली उत्तरे

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, तंत्रनिकेतनात मी सत्तावीस वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवली. त्यातली शेवटची सतरा-अठरा वर्षे शिकवण्याच्या जोडीला आणखी एक काम माझ्याकडे होते. पदविका घेऊन बाहेर पडलेली मुले पुढे कुठे गेली, काय करतात, पुढे शिकली का, हे काही वर्षांनी त्यांनाच विचारायचे आणि त्याचा अहवाल लिहायचा. कागदोपत्री त्याला ‘ट्रेसर स्टडी’ म्हणतात. आमच्या स्टाफरूममध्ये त्याला ‘माजीचा फॉर्म’ म्हणत.

सुरुवातीला मी हे काम मूल्यांकनाच्या फाइलसाठी केले. समिती येणार, तिला माजी विद्यार्थ्यांचा अभिप्राय दाखवावा लागणार, म्हणून दोन पानांचा इंग्रजी फॉर्म तयार केला. पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही नोकरी करता का?’ पुढे हो आणि नाही अशा दोन चौकटी. मग कंपनीचे नाव, पद, पगार, आणि शेवटी ‘अभ्यासक्रम उपयुक्त वाटला का?’ सुमारे वीस फॉर्म भरून आले. बहुतेकांनी ‘हो’वर खूण केली होती, म्हणून पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आम्ही छापले की आमच्या विभागाच्या दहातल्या नऊ मुलांना नोकरी लागते.

प्रवेशाच्या दिवसांत एक पालक ती पुस्तिका घेऊन माझ्यासमोर बसले. त्यांचा थोरला मुलगा आमच्याकडूनच दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला होता. ते शांतपणे म्हणाले, “सर, थोरला अजून ॲप्रेंटिस संपवून घरीच बसलाय. धाकट्याला घालायचं म्हणून विचारतो, हे आकडे कोणत्या मुलांचे?” मी कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढला. त्यांच्या थोरल्याचा फॉर्म त्यात सापडला. तो ॲप्रेंटिस असताना त्याने तो भरला होता आणि ‘हो’वर खूण केली होती. ती मी नोकरीत धरली होती.

शिकाऊ उमेदवारांचा 1961 चा कायदा मी वर्गात शिकवत होतो. त्या कायद्याप्रमाणे ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. पदविकावाल्यांचे हे प्रशिक्षण एक वर्षाचे, हातात विद्यावेतन, आणि वर्ष संपल्यावर कंपनीने त्याला ठेवून घ्यावेच असे बंधन नाही. हे सगळे ठाऊक असून मी त्याला नोकरीवाला म्हणून मोजले होते. पुस्तिकेतला आकडा कुणी मुद्दाम खोटा लिहिला नव्हता. प्रश्नच असा होता की त्यातून दुसरे काही येणे शक्य नव्हते. त्या दिवसापासून मी हा फॉर्म माझ्या विषयाइतकाच गंभीरपणे घेऊ लागलो.

पहिली दुरुस्ती त्या पहिल्या प्रश्नातच केली. आमच्या मुलांचे आयुष्य ‘नोकरी आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटींत मावत नाही. कुणी शिरोलीच्या कारखान्यात उभा असतो, पण हजेरी कंत्राटदाराच्या वहीवर. कुणी चाकणला ट्रेनी असतो आणि दर अकरा महिन्यांनी नवे पत्र घेतो. कुणी वडिलांच्या गॅरेजमध्ये दिवसभर राबतो आणि स्वतःला बेकार समजतो. कुणी पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि घरच्यांना नोकरी शोधतोय असे सांगतो. म्हणून पहिला प्रश्न असा केला: ‘गेल्या सात दिवसांत पैशासाठी, किंवा घरच्या शेतीत वा धंद्यात, किमान तासभर तरी काम केले का?’ ही मोजपट्टी मी शोधलेली नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत चालू आठवड्यातला रोजगार साधारण असाच मोजतात. मात्र तासभर काम करणारा आणि कायम नोकरीवाला एकाच रकान्यात पडू नयेत, म्हणून लगेच पुढचे दोन प्रश्न घातले. ‘तुमचा पगार कोण देतो: जिथे काम करता ती कंपनी, कंत्राटदार, घरचे, की तुम्ही स्वतः?’ आणि ‘तुमच्याकडे असलेल्या पत्रावर काय लिहिले आहे: कायम, मुदतीचे, ट्रेनी, ॲप्रेंटिस, की पत्रच नाही?’ तुमची नोकरी कोणत्या प्रकारची, असे विचारले तर माणूस अडखळतो. पगार कोण देतो आणि पत्रावर काय लिहिले आहे, हे त्याला पक्के माहीत असते.

दुसरी दुरुस्ती भाषेची. बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली. इंग्रजी फॉर्मवर ती एका शब्दात उत्तर देत किंवा मोकळी जागा सोडून देत. फॉर्म मराठीत केला, त्यात ‘शिफ्ट’, ‘क्वालिटी’, ‘सेटिंग’, ‘केटी’ हे त्यांचे शब्द तसेच ठेवले, तेव्हा उत्तरे ओळी ओळींची येऊ लागली. अभ्यासक्रम उपयुक्त वाटला का, हा प्रश्न मी काढून टाकला, कारण त्याला सगळे मान राखून ‘हो’ म्हणत. त्याजागी विचारले, ‘गेल्या आठवड्यात कामावर काय काय केलेत ते लिहा.’ एकाने लिहिले की दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने जॉब तपासतो, संध्याकाळी रिजेक्शनचा तक्ता भरतो आणि सकाळच्या मीटिंगमध्ये रिजेक्शन का आले ते उभे राहून सांगतो. मोजमाप आम्ही शिकवले होते. चूक का झाली ते पाच माणसांसमोर उभे राहून सांगणे शिकवले नव्हते. मताच्या प्रश्नातून हे मला कधीच कळले नसते.

मग प्रश्न आला, फॉर्म कधी पाठवायचा? आधी आम्ही पदविकेनंतर एका वर्षाने पाठवत होतो. पण आमच्याकडची बरीच मुले पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात. त्यांची पदवी सुरळीत झाली तरी आणखी तीन वर्षे. जी नोकरीकडे वळतात, त्यातली कित्येक पहिल्या वर्षी ॲप्रेंटिस असतात. म्हणजे वर्षभराने विचारले तर सगळी वाटेतच असतात. तीन वर्षे पदवीची आणि दोन वर्षे स्थिर होण्याची, असा हिशेब करून मी पाच वर्षांवर आलो. पण पाच वर्षांनी माणसे सापडणे अवघड होते, आणि या कामातला माझा सगळ्यात मोठा धडा त्या सापडण्यातच होता.

2009 च्या उन्हाळी परीक्षेत आमच्या विभागातून 56 मुले उत्तीर्ण झाली. मंदीमुळे वाहन उद्योग थंडावलेला असताना बाहेर पडलेली ही तुकडी. 2014 मध्ये त्या सगळ्यांना मी फॉर्म पाठवला, सोबत आमचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट. 13 पाकिटे ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. सहा आठवड्यांत भरलेले 17 फॉर्म आले. त्या 17 पैकी 13 जणांनी पदवीला प्रवेश घेतलेला होता. म्हणजे शंभरातले 76 पुढे शिकले. आकडा देखणा होता. विभागात सूर निघाला की एवढ्यावर अहवाल लिहून मोकळे व्हावे.

मला ते माहितीपुस्तिकेचे प्रकरण आठवले. उत्तर दिलेली मुले ही तुकडीतली सर्वसाधारण मुले आहेत की निवडक, हे तपासायला बाहेर कुठे जायची गरज नव्हती. निकालाचे रजिस्टर कार्यालयातच होते. 17 जणांच्या शेवटच्या वर्षाच्या गुणांची सरासरी काढली तर ती 71 टक्के आली. सगळ्या 56 जणांची सरासरी होती 64. गाव पाहिले तर 17 पैकी बहुतेक शहरातले किंवा तालुक्याच्या ठिकाणचे. म्हणजे ज्यांचे बरे चालले आहे आणि ज्यांचा पत्ता बदललेला नाही, त्यांनीच उत्तरे पाठवली होती. ज्यांच्याविषयी आपल्याला खरोखर कळायला हवे होते, ती मुले उरलेल्या 39 मध्ये होती.

त्यांना शोधायला चार महिने लागले. प्रवेश अर्जावरचे मोबाइल नंबर बहुतेक बंद होते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली ती जानेवारी 2011 मध्ये. त्याआधी कंपनी बदलली की नंबरही जायचा, आणि आमच्या मुलांनी तोवर दोन-तीनदा तरी सिम बदललेले. उपयोगी पडले ते घरच्या फोनचे नंबर, आणि त्याहून जास्त ‘पीपी’ म्हणून लिहिलेले शेजाऱ्यांचे, किराणा दुकानाचे नंबर. दुकानदार सांगायचा, “तो होय, तो वाळूजला असतो, आईला बोलावू का?” आई भावाचा नंबर द्यायची आणि भाऊ त्याचा. उरलेल्यांसाठी मी चैत्रात गावांच्या यात्रांचे दिवस विचारून घेतले, कारण भोसरी-चाकणला असलेला मुलगा दिवाळीला सुट्टी न मिळाल्याने चुकेल, पण गावच्या यात्रेला बहुधा येतो. दोन रविवार मी अशा यात्रांत फिरलो. फॉर्म हातात देण्यापेक्षा मी प्रश्न वाचत गेलो आणि उत्तरे लिहून घेत गेलो.

अशी आणखी 29 मुले मिळाली. त्या 29 पैकी पदवीला प्रवेश घेतलेली होती 11. एकूण 46 पैकी 24, म्हणजे शंभरात 52. आधीच्या 76 वरून आकडा थेट निम्म्याशेजारी आला. उरलेल्या 10 जणांचा माग लागलाच नाही. त्यांच्याबद्दल अंदाज बांधण्याऐवजी मी दोन्ही टोके अहवालात लिहिली. त्या दहांपैकी एकही पुढे शिकला नसेल तर 56 मधले 24, म्हणजे 43 टक्के. दहाच्या दहा शिकले असतील तर 34, म्हणजे 61 टक्के. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. वरिष्ठांना हे आवडले नाही. एकच आकडा द्या, असा आग्रह झाला. मी म्हणालो, “एकच दिला तर तो आपण बनवलेला असेल.” शेवटी दोन्ही टोकांसह अहवाल गेला.

त्याच 24 जणांनी मला दुसरी गोष्ट शिकवली. जुन्या फॉर्मवर ‘पुढील शिक्षण’ असा एकच रकाना होता, त्यात सगळ्यांनी ‘बी.ई.’ एवढेच लिहिले असते. या वेळी मी चार चौकटी ठेवल्या होत्या: प्रवेश घेतला आणि पूर्ण केले, चालू आहे, थांबले आहे पण पूर्ण करणार, सोडले. 24 पैकी 17 जणांची पदवी पूर्ण झाली होती, 3 पाच वर्षांनंतरही अडकलेले होते आणि 4 जणांनी सोडून दिले होते. अडकलेल्या आणि सोडलेल्या सातांपैकी सहांनी एकच कारण सांगितले: एम-थ्री. पदवीच्या दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या सत्रात असणारा गणिताचा पेपर.

कारण सरळ होते आणि इतकी वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होते. बारावीतून आलेला मुलगा पहिल्या वर्षी एम-वन आणि एम-टू करून एम-थ्रीकडे जातो. आमचा मुलगा थेट दुसऱ्या वर्षाला बसतो, म्हणजे ते दोन पेपर त्याने पाहिलेलेच नसतात. पदविकेचे गणित वेगळ्या बेताचे असते. त्यात विकलन, संकलन असते, पण अवकल समीकरणांचा हात बसेल इतका सराव नसतो. पहिल्याच सत्रात लाप्लास रूपांतर समोर येते आणि तो गांगरतो. एकजण मला यात्रेच्या गर्दीत म्हणाला, “सर, वर्कशॉपमध्ये मी त्या सगळ्यांच्या पुढे होतो. एम-थ्रीची केटी सुटेना, मग वायडी बसला, मग घरनं पैसे बंद झाले.” तीन छोट्या वाक्यांत त्याने तीन वर्षे सांगितली.

त्या उन्हाळ्यापासून सहाव्या सत्राची परीक्षा संपली की आम्ही पदवीला जाणाऱ्या मुलांसाठी चार आठवड्यांचा गणिताचा वर्ग सुरू केला. संकलनाच्या पद्धती, साधी अवकल समीकरणे, लाप्लासची ओळख, एवढेच. त्याने सगळे पास झाले असे मी म्हणणार नाही, तेवढ्या तुकड्या मी मोजलेल्या नाहीत. पण फॉर्ममधून मिळालेल्या माहितीवर संस्थेने काही बदलले, असे माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडले. तोवर अहवाल फाइलमध्येच राहत असे.

मुलींच्या बाबतीतली चूक मला माझ्या सहकारी मॅडमनी दाखवली. त्या तुकडीत सात मुली होत्या. फॉर्मवर ‘गृहिणी’ अशी चौकट होती आणि तिच्यापुढे सूचना होती, ‘थेट शेवटच्या प्रश्नाकडे जा.’ शेवटचा प्रश्न म्हणजे सही आणि तारीख. तीन मुलींनी प्रामाणिकपणे तसेच केले होते. लग्नानंतर आडनाव बदललेले, गाव बदललेले, त्यांना शोधायला मी माहेरी फोन केले तर पलीकडून “ती संसारात आहे सर” एवढे उत्तर मिळायचे. मॅडमनी फोन हातात घेतला तेव्हा चित्र पालटले. पाच मुलींशी त्या प्रत्येकी अर्धा तास बोलल्या. ‘गृहिणी’वर खूण केलेल्या तिघींपैकी दोघींनी लग्नाआधी नोकरी केलेली होती, त्यातल्या एकीने तर दोन वर्षे ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढली होती. तिघींनाही काम हवे होते. अडचण होती रात्रपाळीची आणि कंपनीची बस गावापर्यंत येत नसल्याची. तिसरी मुलगी घरी पदविकेच्या मुलांच्या ड्रॉइंगच्या शिकवण्या घेत होती, महिन्याकाठी पैसे मिळवत होती, आणि ते काम आहे असे तिला स्वतःलाच वाटत नव्हते. एका ओळीच्या सूचनेने आम्ही हे सगळे झाकून टाकले होते. पुढच्या फॉर्ममधून ती सूचना गेली. ‘सात दिवसांत तासभर काम’ हा प्रश्न सगळ्यांना, आणि काम करत नसल्यास ‘मिळाले तर कराल का, आणि काय आडवे येते?’ हा प्रश्नही सगळ्यांना. फोन कोण करतो याने उत्तर बदलते, हेही तेव्हा पक्के झाले. तेव्हापासून मुलींचे फोन मॅडमच करत.

पगाराचा प्रश्न मात्र माझ्याने नीट सुटला नाही. आकडा विचारला तर रकाना कोरा यायचा. गट करून दिले तर कुणी हातात पडणारा पगार धरून खूण करायचा, कुणी ओव्हरटाइमसकट, तर कुणी पत्रावरचा वर्षाचा आकडा बाराने भागून. शेवटी मी ‘गेल्या महिन्यात बँकेत जमा झालेली रक्कम’ असे विचारू लागलो. त्याने गोंधळ कमी झाला, पण रोख पगार घेणारे त्यातून सुटले, आणि सगळ्यात कमी मिळवणारे बहुधा तेच होते. म्हणून पगाराची सरासरी मी कधीच छापू दिली नाही.

त्या न सापडलेल्या दहांपैकी एकजण तीन वर्षांनी आपणहून आला. पदविका प्रमाणपत्राची दुसरी प्रत हवी होती त्याला. ओळख पटल्यावर मी विचारले, “2014 ला फॉर्म पाठवला होता, मिळाला नव्हता का?” तो म्हणाला, “मिळाला होता सर. आईने देवघराच्या फळीवर ठेवला होता. तेव्हा मी कंत्राटात होतो, आज आहे तर उद्या नाही असं. कायम झालो की भरू, असं ठरवलं होतं. मग राहूनच गेलं.” मी विचारले, “मग झालास का कायम?” तो म्हणाला, “नाही सर. आता स्वतःचं लेथ टाकतोय, कर्जासाठीच प्रमाणपत्र हवंय.”

फॉर्मसोबत जाणाऱ्या माझ्या पत्राची सुरुवात तोवर अशी होती: ‘आपल्या यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा संस्थेला अभिमान आहे.’ ते वाचून त्याला वाटले असणार की हा कागद आपल्यासाठी नाही. इतकी वर्षे चौकटी सुधारत बसलो, पण पत्राचे पहिले वाक्य मी कधी परत वाचले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते बदलले. ‘सध्या काम नसेल, कंत्राटात असाल, शिक्षण अर्ध्यावर राहिले असेल, तरी हा फॉर्म तुमच्यासाठीच आहे’ असे लिहिले.

आणखी एक सवय त्या दिवशी लावून घेतली. प्रमाणपत्र न्यायला येणाऱ्या प्रत्येकाकडून एका वहीत तीन नंबर लिहून घ्यायचे: स्वतःचा, घरचा, आणि गाव न सोडणाऱ्या एखाद्या माणसाचा. त्या वहीत पहिले नाव मी त्याचेच लिहिले. तिसरा नंबर म्हणून त्याने चुलत्याच्या किराणा दुकानाचा दिला. मग मी त्याला टेबलापलीकडे बसवले, चहा मागवला आणि 2014 चा एक कोरा फॉर्म काढून पहिल्या प्रश्नापासून विचारत गेलो.